मिनिटाचा गेम

जानेवारी संपत आला होता, प्रिलिम्सचे पेपर तपासून मान आखडलेली, आणि एक आई स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली. हातात आमच्या शाळेचा वार्षिकांक, मधेच बोट घालून धरलेला. चिडलेली नव्हती, म्हणजे चिडली असती तर बरं झालं असतं असं मला नंतर वाटलं. तिनं अंक माझ्यासमोर टेबलावर ठेवला, पान सपाट केलं, आणि म्हणाली, "टीचर, हें तुमच्याच बुकांत आयलां मगे?" पानावर शीर्षक होतं, 'परीक्षेसाठी तीन झटपट गेम'. तिचा मुलगा गणिताच्या प्रिलिमच्या आदल्या रात्री एक वाजेपर्यंत तिसऱ्या नंबरचा गेम खेळत बसला होता, आणि तिनं फोन काढून घेतल्यावर त्यानं अंकच उघडून दाखवला. शाळेनंच सांगितलंय, आई. मिनिटाचा गेम आहे.

मी म्हटलं बघते, आणि ती गेली. जाताना अंक तिथंच ठेवून गेली.

आता ज्यांनी शाळेचा वार्षिकांक काढलाय त्यांना हे सांगायला नको, पण त्या कामात वाचन नसतं, भरणं असतं. आमच्याकडे कोकणी, मराठी, हिंदी, इंग्रजी असे चार विभाग, मराठीला सोळा पानं, त्यात दोन पानं फोटो, एक पान गुणवंत, आणि उरलेल्यात पावसावरच्या कविता. दर वर्षी पावसावर किमान नऊ येतात. त्यामुळे यंदा दहावीतल्या एका मुलीनं दुरेघी वहीची साडेतीन पानं आणून दिली आणि वर लिहिलं होतं 'परीक्षेत चालतील का हे तीन गेम?', तेव्हा मला फार बरं वाटलेलं. वरवर वाचलं, शुद्धलेखन नीट केलं, आणि पाठवून दिलं. मग डिसेंबरात एका संध्याकाळी फोंड्याच्या बस स्टँडवर मी उभी, एका हातात भाजीची पिशवी, आणि डीटीपीवाल्याचा फोन, टीचर हा लेख पानाबाहेर चाललाय, चार ओळी काढाव्या लागतील. मी म्हटलं शेवटच्या काढ. आणि ते शीर्षक प्रश्नासारखं आहे, ते पण जरा बदल, आकर्षक कर. बस आली, मी चढले, विषय संपला.

ती आई गेल्यावर मी कपाटातनं ती दुरेघी पानं शोधून काढली. शेवटच्या चार ओळी अशा होत्या: 'तिसरा गेम सगळ्यात छोटा आहे म्हणून तो सगळ्यात शेवटी ठेवला आहे. हा मला सगळ्यात जास्त आवडला. पण परीक्षा संपल्याशिवाय तो उघडू नका. मी उघडला होता.'

म्हणजे तिनं प्रश्न विचारला होता, आणि तिसऱ्या गेमपुरतं त्याचं उत्तर नाही असं दिलं होतं. मी प्रश्नही काढला आणि ते नाहीही काढलं, आणि तिच्या नावानं छापलं.

त्या रात्री मी तो लेख पहिल्यांदा खरा वाचला. बाल्कावावर बसून, डासांची अगरबत्ती लावून, तपासायला बसतो तसं नाही तर वाचायला बसतो तसं. तिनं काय केलं होतं तर पहिल्या टर्मच्या परीक्षेत, ऑक्टोबरात, हे तिन्ही गेम दादाच्या फोनवर खेळून प्रत्येकाचे तीन आकडे लिहून ठेवले होते. किती वेळ खेळणार असं ठरवलं, प्रत्यक्षात किती वेळ गेला, आणि तिसरा आकडा, जो मला कधी सुचला नसता, फोन खाली ठेवल्यापासून पुस्तकातलं एक पान वाचून ते पहिल्यांदा डोक्यात शिरेपर्यंत किती मिनिटं गेली. या तिसऱ्याला तिनं नाव दिलं होतं 'परतीचा वेळ'. सायन्स टीचरनी हे वाचलं असतं तर प्रोजेक्टला घातलं असतं. मी वाचलं होतं, आणि 'परतीचा' शब्दातला 'ती' दीर्घ आहे ना एवढं बघून पुढं गेले होते.

पहिला गेम वर्डल. हा बहुतेकांना माहीत आहे, पाच अक्षरी इंग्रजी शब्द ओळखायचा, सहा संधी, अक्षर जागेवर असेल तर हिरवं, शब्दात आहे पण जागा चुकली तर पिवळं, नसेलच तर राखाडी. जोश वॉर्डल नावाच्या प्रोग्रामरनं तो आपल्या जोडीदारासाठी, पलक शाहसाठी, बनवला, २०२१ च्या ऑक्टोबरात सगळ्यांसाठी खुला केला, आणि २०२२ च्या जानेवारीत न्यूयॉर्क टाइम्सनं विकत घेतला. तिचे आकडे होते, ठरवलेली दहा मिनिटं, लागलेली सहा, नऊ, अकरा, परतीचा वेळ दोन-तीन मिनिटं. आणि कारण तिनं एका वाक्यात लिहिलं होतं: 'दिवसाला एकच शब्द असतो, त्यामुळे जिंकलं तरी संपतं आणि हरलं तरी संपतं.' पण त्याच्याखाली दोन तंबी होत्या. नवा शब्द रात्री बाराला येतो म्हणून बारापर्यंत जागून त्याची वाट बघायची नाही, सकाळी पोदेराचा हॉर्न वाजला की पाव येईपर्यंत खेळायचा. आणि शब्द सुटला की तीच साइट खाली आणखी गेम दाखवते, तिथं बोट लावायचं नाही. दुसऱ्या तंबीच्या बाजूला कंसात 'मी लावलं होतं'. या मुलीच्या लेखात असे बरेच कंस होते आणि मी शुद्धलेखनाच्या नावाखाली त्यातले अर्धे काढले होते, तेही सांगून टाकते.

एक गोष्ट तिनं लिहिली नव्हती, पण मला वर्गामुळे माहीत होती, की आमच्या बऱ्याच मुलांना वर्डल जमत नाही कारण तो इंग्रजीत आहे. प्राथमिक शाळा मराठीत किंवा कोकणीत झालेली, इंग्रजी पाचवीनंतर अंगावर आलेलं. म्हणून एकदा ऑफ पिरियडला मी फळ्यावर मराठीत खेळून बघितला, आणि काय फजिती झाली म्हणता. तीन अक्षरी शब्द मनात धरला, कोकम. पहिल्याच पोरानं सांगितलं, कमळ. आता 'ळ' नाही, राखाडी. 'म' आहे पण शेवटी आहे, पिवळा. इथपर्यंत ठीक. पण 'क'चं काय करायचं? माझ्या शब्दात पहिलं अक्षर 'को', म्हणजे व्यंजन बरोबर, जागा बरोबर, मात्रा नाही. शिवाय साधा 'क' दुसऱ्या जागी आहेच, म्हणजे त्या हिशोबानं पिवळा. मी खडू हातात धरून उभी. पोरं म्हणाली टीचर अर्धा हिरवा द्या. आम्ही शेवटी ठरवलं की व्यंजन जागेवर असेल आणि मात्रा चुकली असेल तर हिरवी नुसती चौकट, आत रंग नाही, आणि चौकटीला पिवळ्याच्या आधी मान. मग कोणीतरी विचारलं 'प्रश्न' दोन अक्षरी की चार, आणि घंटा झाली. इंग्रजीत पाच खिडक्या आणि पाच अक्षरं, तिथं हा तंटाच नाही. आपल्याकडे एका खिडकीत किती माणसं राहतात तेच आधी ठरवावं लागतं.

असो. दुसरा गेम फ्लॉरेन्स.

हा मी अंक छापल्यानंतर, त्या आईनंतर, स्वतः खेळले. २०१८ चा आहे, मेलबर्नच्या एका छोट्या स्टुडिओनं केलेला, पैसे देऊन घ्यावा लागतो, पण मग मधे जाहिराती नाहीत. फ्लॉरेन्स यो नावाची पंचवीस वर्षांची मुलगी, सकाळी उठते, दात घासते (ते आपण बोट इकडंतिकडं करून घासायचे), ऑफिसात आकड्यांच्या जोड्या लावते, आईचा फोन घेते. मग तिला चेलो वाजवणारा क्रिश भेटतो. बोलणं जवळजवळ लिहिलेलंच नाही. पहिल्या भेटीत ती बोलते तेव्हा तिच्या तोंडापाशी रिकामा फुगा येतो आणि खाली त्याचे तुकडे पडलेले असतात, जिगसॉसारखे, ते जुळवून फुगा पुरा केला की ती बोलली. सुरुवातीला तुकडे जास्त. आपण धडपडतो, तीही धडपडत असते. ओळख वाढते तसे तुकडे कमी होतात, आणि शेवटी एकच मोठा तुकडा, उचलला आणि ठेवला, बोलणं झालं. मग भांडणात तेच तुकडे कोनाकोनांचे, टोकदार होतात. मी लग्नाला वीस वर्षं झालेली बाई, बाल्कावावर बसून फोनमधे तुकडे जुळवत होते आणि आतनं नवरा विचारत होता जेवायला वाढू का. मी 'हं' म्हटलं. एकच तुकडा.

एकूण वीस छोटी प्रकरणं आहेत, एकेक दोन मिनिटांचं. तिचे आकडे होते, ठरवलेली चाळीस, लागलेली अडतीस. म्हणजे वेळेच्या हिशोबानं हा गेम सगळ्यात प्रामाणिक, शेवट ठरलेला, त्याच्यापुढं काही नाही. पण तिसऱ्या रकान्यात तिनं आकडा लिहिलाच नव्हता. 'त्या रात्री परत आले नाही' एवढंच. गेम संपला होता आणि इतिहासाचं पुस्तक उघडं होतं आणि ती छपराकडे बघत होती. म्हणून तिचा सल्ला असा की फ्लॉरेन्स कुठल्याही पेपरच्या आदल्या दिवशी नाही, दोन पेपरांच्या मधे चार दिवस सुट्टी असेल तर पहिल्या दिवशी दुपारी खेळावा आणि मग झोपावं. मला हे वाचून आधी हसू आलं, मग जरा घाबरायला झालं. सोळा वर्षांच्या मुलीला गेम संपून पण डोक्यात चालू राहतो हे इतकं नीट कळलंय, आणि आम्ही पालकसभेत काय सांगतो, तर अर्ध्या तासाच्या वर मोबाईल देऊ नका. घड्याळ अर्धा तास दाखवतं, बरोबर. पण पोरगी कुठं असते?

मधे मला बाबांचा नोकिया आठवला. त्यातला तो साप. मी बारावीला होते, बाबा कामावरनं आले की फोन चार्जिंगला लावायचे आणि मी त्या वायरच्या लांबीएवढ्या अंतरावर जमिनीवर बसून खेळायची. मार्च होता, मागच्या बाजूला काजूची बोंडं पडून त्यांचा तो गोड-आंबट वास घरभर. सुरुवातीला मी लगेच मरायची, दोन मिनिटांत परत केमिस्ट्री. जसजसा हात बसला तसा साप लांबत गेला, आणि एक डाव वीस-वीस मिनिटं चालायला लागला, आणि मधे सोडवेना, कारण एवढा वाढवलेला साप कोण मारणार. त्या परीक्षेत केमिस्ट्रीत काय झालं ते इथं लिहीत नाही. पण तिच्या लेखातलं एक वाक्य वाचताना मला तो साप दिसला. तिनं लिहिलं होतं, 'जो गेम आपण हुशार झालो की लांबतो तो परीक्षेत नको, जो हुशार झालो की लवकर संपतो तो चालेल.' साप लांबतो. आकड्यांच्या फरशा एकमेकींवर ढकलायचा तो २०४८, तोही लांबतो. वर्डल उलटा, हात बसला की तिसऱ्या-चौथ्या संधीत सुटतो. हे वाक्य, सुदैवानं, मी कापलं नव्हतं. छापलं गेलं आणि कोणीच वाचलं नाही, मी धरून.

आणि मी कोण सांगणारी? स्टाफरूममधे दुपारच्या डब्यानंतर मी त्या मिठाया जुळवायच्या गेममधे असतेच. पाच जीव मिळतात, संपले की अर्ध्या तासाला एक परत येतो. म्हणजे तो गेम थांबतो खरा, पण थांबताना परत कधी यायचं तेही सांगून ठेवतो. मी आठवीचा वर्ग घेत असते आणि डोक्यात कुठंतरी माहीत असतं की एव्हाना दोन भरले असतील. त्या मुलीच्या हिशोबात परतीचा वेळ मोजायला घेतला तर माझा २०१९ पासून चालूच आहे.

तर तिसरा, मिनिट. इंग्रजी स्पेलिंग मुद्दाम चुकवलेलं आहे. हाही २०१८ चा, काळा-पांढरा, एकदम जुन्या फोनसारखी चित्रं. समुद्रकिनाऱ्यावर एक छोटासा प्राणी फिरत असतो, त्याला तलवार सापडते, ती उचलली की कळतं ती शापित आहे आणि आता तो दर साठ सेकंदांनी मरणार. कोपऱ्यात आकडा उलटा पळायला लागतो. मेला की पुन्हा घरी उठतो, पुन्हा साठ. पण मधल्या मिनिटात जी वस्तू मिळाली ती आपल्याकडेच राहते. कॉफी प्यायला मिळाली की खोकी ढकलता येतात, मग पुढचा रस्ता मोकळा, मग पुढं नवं घर सापडलं की मेल्यावर तिथं उठायचं. असं करत करत पुरा गेम साधारण दोन तासांत होतो, पहिल्यांदा खेळणाऱ्याला थोडा जास्त. त्यामुळे 'छोटा गेम' म्हणणं खोटं नाही. आणि 'मिनिटाचा' म्हणणंही खोटं नाही.

तिचे आकडे: ठरवलेली दहा मिनिटं, लागलेली पंचावन्न. परतीचा वेळ पंधरा.

मी खेळले तेव्हा मला कळलं ते कसं होतं. लांबलचक गेममधे आपल्याला मधेच कुठंतरी कंटाळा येतो, लाज वाटते, घड्याळ दिसतं. इथं प्रत्येक मिनिटाच्या शेवटी तुम्ही नेमके एका पावलावर असता. आता कळलं कुठं जायचं ते, फक्त सेकंद संपले. आणि पुढचं मिनिट म्हणजे काय, मिनिटच ना? एका मिनिटाला नाही कोण म्हणतं, उकळत्या दुधापाशी उभं राहूनसुद्धा एक मिनिट देता येतं. असं ते पंचावन्न वेळा विचारतं आणि पंचावन्न वेळा आपण हो म्हणतो. त्या पोराला मी दुसऱ्या दिवशी बोलावून विचारलं, ओरडायला नाही, खरंच विचारायला, की एक वाजेपर्यंत कसा बसलास रे. तो म्हणाला, "टीचर, मी प्रत्येक वेळी शेवटचंच खेळत होतो." मी त्याला ती हाताची पानं दाखवली, शेवटच्या चार ओळी. त्यानं वाचल्या आणि म्हणाला, हे छापलं असतं तर मी आधी तोच उघडला असता. आता यावर काय बोलणार. पण तेवढ्यानं माझं काही सुटत नाही.

तिला मी लगेच काही बोलले नाही. बोर्ड तोंडावर होतं, वाटलं उगाच कशाला. खरं कारण, मला लाज वाटत होती. ती अंक मिळाल्यावर एकदा स्टाफरूमच्या दारापर्यंत येऊन परत गेल्याचं मला नंतर आठवलं, तेव्हा मी पेपर तपासत होते आणि मान वर न करता 'नंतर ये' म्हटलं होतं.

निकालानंतर ती दाखला न्यायला आली. पाऊस सुरू झालेला, छत्री दाराबाहेर ठेवून पायपुसण्यावर उभी. मी कपाटातनं उरलेले अंक काढले, अकरा होते, आणि त्या प्रत्येकात त्या पानाच्या खालच्या समासात तिच्या चार ओळी मी पेननं लिहिल्या होत्या, मे महिन्यात, रिकाम्या स्टाफरूममधे बसून. वरचं शीर्षक खोडून तिचं घातलं होतं. एक लायब्ररीला दिलेला तोही आणून लिहिला. वाटलेले तीनशे कुठं गोळा करणार. तिनं पान बघितलं, बराच वेळ, आणि म्हणाली, टीचर, 'उघडू'तला 'डू' तुम्ही ऱ्हस्व लिहिलाय. मग हसली.

"तुम्ही खेळलात?"

खेळले म्हटलं, पण अडकलेय. ते दीपगृह आहे ना, तिथं एक म्हातारा उभा असतो, त्याच्यापाशी गेलं की बोलायला लागतो, पण इतका सावकाश, एकेक अक्षर, की त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत माझं मिनिट संपतं. चार-पाचदा झालं असं, मग मी त्याला सोडून दिलं आणि दुसरीकडेच भटकतेय.

"तो कामाचं सांगतो टीचर," ती म्हणाली. "घरातनं निघालं की मधे कुठंच थांबायचं नाही, काही उचलायचं नाही, सरळ त्याच्याकडे जायचं. आणि मग बटण न दाबता उभं राहायचं."

छत्री उघडून ती पायऱ्या उतरली.